परदेशातून आलेला फोन आणि आपल्या गावची रेंज

अमेरिकेत राहणारा भाचा गावी येतो आणि मावशीला चांगला महागातला फोन देऊन जातो. फोन झकास, फोटो सुरेख, पण गावात रेंज नाही. मग आपण टॉवरला बोल लावतो. गटांच्या भेटींत ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

तुम्ही हे ज्या रेडिओवर ऐकताय तो एफएम आहे. नुसतं मीडियम वेव्ह असलेल्या जुन्या रेडिओवर आमचा आवाज येणारच नाही, मग तो रेडिओ कितीही भारी असो. फोनचंही तसंच आहे. टॉवर आणि फोन ठरावीक लहरींवर बोलतात. त्या लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. कोणता बँड कोणी वापरायचा हे त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. फोन बनवणारे ज्या देशात विकायचा तिथले बँड आधी घालतात. प्रत्येक बँडसाठी आत वेगळे भाग लागतात, म्हणून बाकीचे काही गाळले जातात. नाव एकच, पण अमेरिकेतला फोन आणि आपल्या दुकानातला फोन आतून वेगळा असू शकतो.

आता गावाला त्रास जास्त का? ढोल शेजारच्या गावापर्यंत ऐकू येतो, टाळ वाड्यापुरताच. लहरींचंही साधारण असंच आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. १८०० आणि २३०० च्या लहरी लवकर थकतात. तालुक्याला टॉवर जवळजवळ असतात, तिथे दोन्ही मिळतात. वस्तीवर मात्र लांबच्या टॉवरची ढोलाची लहरच काय ती पोचते. नेमका तोच बँड फोनमध्ये नसेल, तर तालुक्यात रेंज भरलेली आणि घरी रिकामी.

आमच्याकडच्या एका गटाच्या सचिवताईंचं असंच झालं. तालुक्याला फोनवर 4G दिसायचं, गटाच्या नोंदी भराभर जायच्या. घरी आल्या की कोपऱ्यात नुसता E. कॉल लागायचा, ओटीपी यायचा, पण ॲप उघडायचं नाही. हप्त्याची नोंद करायला त्या रिक्षाचे पैसे घालून तालुक्याला जायच्या. E म्हणजे फोन जुन्या २जीवर चाललाय. आम्ही त्यांचं सिम त्याच ओट्यावर जाऊबाईंच्या, इथे घेतलेल्या साध्या फोनमध्ये घातलं. लगेच 4G आलं. म्हणजे टॉवर आणि सिम ठीक, खोट फोनच्या बाजूला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने जाऊबाईंच्या फोनवर ॲप लावून पाहिलं, तिथे बँड ८, म्हणजे ९०० ची लहर येत होती. सचिवताईंच्या मॉडेलच्या यादीत ३ होता, ५ होता, ८ नव्हता.

असा बँड नंतर घालता येत नाही. सॉफ्टवेअर अपडेटने येत नाही, फोन रीसेट करूनही नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यांच्या फोनमध्ये बँड ५ होता. जिओ आपल्याकडे ८५० वर, म्हणजे बँड ५ वरही ४जी चालवतं. शेजारणीचं जिओचं सिम घालून पाहिलं तर नेट मिळालं, पण कॉल लागेना. जिओचं २जी नाहीच, तिथे कॉलही ४जीवरूनच जातो आणि तशा कॉलची सोय परदेशी फोनमध्ये आपल्या कंपनीसाठी चालू असेलच असं नाही. म्हणून नंबर बदलण्याआधी उसनं सिम घालून, घरातच, नेट आणि कॉल दोन्ही तपासा. ताईंनी शेवटी नंबर तोच ठेवला, सिम जुन्या साध्या फोनमध्ये घातलं आणि त्याच्या हॉटस्पॉटवर नव्या फोनचं ॲप चालवलं. दोन फोन चार्ज करावे लागतात, पण रिक्षा सुटली.

फोन यायचा असेल तर आधी भाच्याकडून मॉडेल नंबर मागवा. नुसतं नाव पुरत नाही. तो खोक्यावर असतो, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये About phone इथे. त्या नंबरची माहिती नेटवर काढली की LTE bands अशी ओळ सापडते. त्यात 5, 8, 28 पाहा, हे लांब जाणारे, आणि 3, 40 पाहा. तुमच्या कंपनीचा गावात चालणारा बँड त्यात हवाच. बीएसएनएलचं सिम असेल तर 28 खास पाहा, कारण त्यांचं ४जी ७०० च्या लहरीवरही आहे. अमेरिकेतही ७०० ची लहर वापरतात, पण त्यांचे बँड 12, 13 असे वेगळे. आकडा ७०० दिसला म्हणून फसू नका, बँडचा नंबर जुळला पाहिजे.