पावसाखालचा हात

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "घरी बसून नक्की काय काम करतेस गं?" मी म्हणते, "जपानी अक्षरं खोडते." समोरचीला वाटतं, मी थट्टा करतेय. पण खरंच तेच करते. मराठीत एम.ए. केलं, सहा वर्षं शाळेत शिकवलं, आणि यांच्या नोकरीसाठी तोक्योला आल्यावर गेली चार वर्षं जपानी चित्रकथांची, म्हणजे मांगाची, पानं इंग्रजी आवृत्तीसाठी साफ करून देते.

फुग्यातला संवाद बदलणं सोपं असतं. फुगा पांढरा, आतली अक्षरं पुसली की संपलं. अडचण आवाजांची. आपल्याकडे धो धो, सळसळ, धप्प असे शब्द वाक्यात येतात. मांगात ते थेट चित्रावर काढलेले असतात, जाड कुंचल्याने आणि कधी अर्धं पान व्यापून. ते काढायचे म्हणजे त्यांच्याखालचं घर, झाड, माणूस परत काढावं लागतं. त्यातही गंमत अशी, की कागदावर काढलेल्या जुन्या पानात अक्षराखाली बहुधा काहीच नसतं. चित्रकाराने आधी अक्षर आखलेलं असतं आणि मग त्याच्या कडेपर्यंत चित्र काढलेलं असतं.

या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं पुस्तक हाती आलं. (जपानीत मी त्यांना काकू म्हणत नाही, पण घरात मुलांनी तेच नाव पाडलंय.) तरुणपणी त्यांनी आपल्या आईवर एक चित्रकथा काढून स्वखर्चाने छापली होती. मूळ कागद घर बदलताना गेले आणि दोन छापील प्रती उरल्या. नातू कॅनडात वाढतोय, त्याला जपानी वाचता येत नाही. काकूंनी एका प्रतीची शिवण स्वतः ब्लेडने कापली, कारण बांधलेलं पान स्कॅनरवर सपाट बसत नाही आणि कडेची रेघ वाकडी येते. त्यानंतर मला त्या पानांना हात लावायचीच भीती वाटायला लागली.

सगळ्यात अवघड पान पावसाचं. आई छत्री घेऊन लेकीला आणायला निघाली आहे, मागे लाकडी भिंत, वर कौलं, आणि वरपासून खालपर्यंत उभं लिहिलेलं 'झाआआआ'. हा जपानी पावसाचा धो धो. अक्षरांना पांढरी किनार, म्हणजे पुसायचा भाग दिसतो त्याहून मोठा.

अशा पानावर मी खोडरबराने सुरुवात करत नाही. आधी नवा इंग्रजी शब्द बसवून बघते. इंग्रजी आडवं लिहितात, त्यामुळे पावसाचा शब्द जुन्या अक्षरांना पूर्ण झाकत नाही. पण जेवढं झाकतो तेवढं चित्र काढायचं वाचतं. या पानात वरची कौलं नव्या शब्दाखाली गेली. भिंत, पावसाच्या रेघा आणि आईचा हात उघडे राहिले.

मग वेगळ्या थरावर पांढरा रंग लावून जुनं अक्षर किनारीसकट झाकायचं. मूळ स्कॅनला कधीच हात लावायचा नाही. त्यानंतर रेघा. पावसाची रेघ मधेच तुटली असेल तर फक्त मधला तुकडा जोडायचा मोह होतो. तो दिसतो. चित्रकाराची रेघ सुरुवातीला दाबलेली आणि शेवटी निमुळती असते. जोडलेला तुकडा मात्र एकसारख्या जाडीचा. म्हणून अशी रेघ वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एका दमात नवीन ओढते.

खरा वेळ भिंतीने खाल्ला. ती करडी दिसते, पण करडा रंग त्यात नाहीच. काळ्या ठिपक्यांची छापील पारदर्शक पट्टी चित्रावर चिकटवून ब्लेडने कापतात, तिला इथे टोन म्हणतात. लांबून डोळ्याला ते ठिपके करडे भासतात. तिथे करडा रंग भरला, तर छापताना तेवढाच भाग डागासारखा वेगळा उठतो. म्हणून शेजारच्या भिंतीचे ठिपके उचलून भोकावर ठेवायचे, आणि ते रांगेत बसायला हवेत.

हे नजरेने साधत नाही, थोडं गणित लागतं. काकूंच्या भिंतीत इंचाला ६० रांगा होत्या आणि मी स्कॅन केलं होतं इंचाला ६०० पिक्सेलवर. म्हणजे दोन रांगांमध्ये १० पिक्सेल. पण रांगा ४५ अंशांत तिरक्या असतात, त्यामुळे आडवं सरकलं तर तसाच ठिपका १४.१४ पिक्सेलवर येतो. अपूर्णांक सरकवता येत नाही, सरकवला तर ठिपक्यांच्या कडा धुरकट होतात. असे सात टप्पे मोजले की मात्र ९९ पिक्सेल होतात, जवळजवळ अगदी पूर्ण! म्हणून तुकडा ९९ पिक्सेल सरकवायचा. (शाळेत गणिताच्या बाई हे ऐकून खूश झाल्या असत्या.) बरोबर बसलं की सांधा शोधूनही सापडत नाही. एक-दोन पिक्सेल चुकलं तर भिंतीवर पुसट पट्टा दिसतो. तो पडद्यावर मोठं करून पाहताना लपतो, म्हणून मी पुस्तकाच्या आकारात छापून, उलटं धरून बघते. स्कॅन जरासं तिरकं असेल तर हे गणितही बिघडतं, आणि नंतर पान फिरवून सरळ केलं तर सगळेच ठिपके मऊ पडतात. कागद सुरुवातीलाच सरळ ठेवणं हाच त्यावर उपाय.

भिंत झाली. राहिला हात. अक्षराच्या डावीकडे दोन बोटांची टोकं, उजवीकडे मनगट, आणि मधे काहीच नाही. भिंत मी मोजून काढू शकते, पण कुणाच्या आईचा हात कसा काढायचा? मी काकूंना विचारलं, "इथे काय होतं?" त्या खळखळून हसल्या. "काही नव्हतं! हात जमत नसत मला. म्हणून पाऊस तिथून पाडला."

मी दोन कच्ची रेखाटनं नेली, एकात घट्ट मूठ, एकात सैल. दोन्ही त्यांनी बाजूला ठेवली. आत जाऊन स्वतःची छत्री आणली, धरली, पुन्हा वेगळी धरली. मग म्हणाल्या, आई तर्जनी दांड्यावर सरळ टेकवायची, सुरी धरल्यासारखी. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने त्यांनी तो हात काढला. त्याला तास लागला. रेघ थरथरलेली होती. मी शाई भरताना ती थोडी सावरली, पण तर्जनीची थरथर तशीच ठेवली. शेजारची बोटं पन्नाशीच्या आतल्या हाताने काढलेली, ही सत्तरीपुढच्या. बारकाईने पाहिलं तर फरक कळतो, आणि काकूंना तो कळलेला चालतो.

इतकं करून खोडायचंच कशाला, असं काही प्रकाशकही म्हणतात. ओतोमोंच्या 'अकिरा'ची पाहा. १९८८ सालची अमेरिकन आवृत्ती रंगवलेली, उलटी फिरवून डावीकडून वाचायची केलेली होती. २०१७ च्या संचात पानं मूळ दिशेने आहेत, जपानी आवाज जागच्या जागी आहेत, अर्थ मागे दिलेत. मला दुसरी पद्धत मोठ्यांसाठी पटते. सात वर्षांचा नातू मागची पानं उलटून पावसाचा अर्थ शोधणार नाही.

एक पान मात्र तसंच राहिलं. शेवटी आईची खोली रिकामी आहे आणि कोऱ्या भिंतीवर बारीक अक्षरात 'शीऽन' लिहिलंय. हा शांततेचा आवाज. पुसायला पाच मिनिटंही लागली नसती, खाली टोन नाही की रेघ नाही. पण त्याजागी इंग्रजीत लिहायला शब्द नव्हता. मराठीतही 'चिडीचूप'च्या पुढे माझी गाडी जाईना, आणि चिडीचूप तर वर्गात असतं. काकू म्हणाल्या, राहू दे. खाली अगदी लहान अक्षरात त्यांनी नातवासाठी या शब्दाचा उच्चार लिहायला सांगितला, अर्थ नको म्हणाल्या. फोनवर तो विचारेल, तेव्हा त्या सांगणार आहेत.