झाकण बसलं नाही की बसत नाही?

ऑनलाइन दुकानात मिक्सरखाली असा अभिप्राय दिसतो: ‘मी मिक्सर मागवली, भांडी मजबूत आहे, पण झाकण घट्ट बसली नाही आणि चटणी उडते होती.’

लिहिणारी बाई असली तरी इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. मिक्सर पुल्लिंगी, म्हणून ‘मागवला’. भांडी अनेक, म्हणून ‘आहेत’. काळ मात्र जपून निवडावा. ‘झाकण बसलं नाही’ म्हटलं, तर एकदाच घडल्यासारखं वाटतं. ‘बसत नाही’ म्हणजे दोष कायमचा, आणि घेणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं. म्हणून खरेदी भूतकाळात, गुणदोष वर्तमानकाळात: ‘मी मिक्सर मागवला. भांडी मजबूत आहेत, पण झाकण घट्ट बसत नाही आणि चटणी उडते.’