वीस हजारांचे गहाणखत आणि चार पर्याय

जुलै 1895. कलकत्त्यातल्या धर्मोदास घोष नावाच्या तरुणाने आपली घरे ब्रह्मोदत्त या सावकाराकडे गहाण टाकली. गहाणखत वीस हजारांचे, व्याज शेकडा बारा. प्रत्यक्षात हातात किती पडले यावर पुढे वाद झाला, पण पूर्ण वीस हजार काही मिळाले नव्हते. सावकार स्वतः तेव्हा शहरात नव्हता. व्यवहार त्याच्या वतीने केदारनाथ मित्र या वकिलाने पाहिला. 20 तारखेला सह्या होण्याच्या पाच दिवस आधीच या वकिलाकडे मुलाच्या आईच्या वकिलाचे पत्र येऊन पडले होते: मुलगा अजून अज्ञान आहे, त्याला पैसे दिलेत तर ते स्वतःच्या जबाबदारीवर. तरीही मुलाकडून ‘मी सज्ञान झालो आहे’ असे लिहून घेतले आणि खत पुरे केले.

सप्टेंबरात आईने मुलाच्या वतीने दावा लावला: हे खत रद्द करा. मुलगा पहिल्या कोर्टात जिंकला, अपिलातही जिंकला. दरम्यान सावकार वारला, त्याच्या जागी मोहोरी बीबी आली, आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1903 मध्ये लागलेला तो निकाल भारतातला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. मात्र बहुतेकांच्या लक्षात निकालाचा अर्धाच भाग राहतो.

तो अर्धा भाग असा. 1872 च्या करार कायद्याचे कलम 11 म्हणते की सज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम असते. अज्ञानाने केलेल्या कराराचे काय, हे मात्र कायद्यात कुठेच सरळ लिहिलेले नाही. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात अज्ञानाचे बरेच करार त्याच्या मर्जीने मोडता येण्यासारखे, म्हणजे शून्यकरणीय मानले जात. त्यामुळे भारतातही जवळजवळ तीस वर्षे कोर्टे या बाबतीत चाचपडत होती. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की कराराला सक्षम पक्ष लागतात आणि अज्ञान व्यक्ती सक्षमच नाही. म्हणून तिचा करार शून्य, मुळातूनच शून्य. सज्ञान झाल्यावर मागे वळून त्याला मान्यताही देता येत नाही, कारण जे अस्तित्वातच नव्हते त्याला मान्यता कसली द्यायची?

इथपर्यंत परीक्षार्थी चुकत नाही. प्रश्नपत्रिकेत नुसते ‘अज्ञानाचा करार कसा असतो’ एवढेच विचारले, तर तो बेधडक ‘शून्य’वर खूण करतो. घोळ होतो तो पर्यायांत पैसे परत करण्याची गोष्ट घुसली की.

असा प्रश्न डोळ्यांपुढे आणा. सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून कर्ज घेतले. पर्याय: करार शून्यकरणीय, म्हणून कलम 64 प्रमाणे पैसे परत; करार शून्य, म्हणून कलम 65 प्रमाणे पैसे परत; करार शून्य आणि पैसे कधीच परत नाहीत; करार शून्य, पण कोर्टाला परतफेडीचा आदेश देता येतो.

पहिल्या पर्यायाचे आमिष सरळ आहे. कोर्ट पैसे परत करायला लावते हे कानावर आलेले असते. मग मन उलटे धावते: परत करायचे आहे म्हणजे व्यवहाराला काहीतरी जीव असणार, म्हणून शून्यकरणीय. दुसरा पर्याय अभ्यास केलेल्यांना पकडतो. कलम 65 मध्ये खरोखरच लिहिले आहे की करार शून्य असल्याचे उघड झाले, तर मिळालेला लाभ परत करावा. ‘शून्य’ हा शब्द दिसला की खूण होऊन जाते. पण मोहोरी बीबीच्या वकिलांनीही हाच मुद्दा मांडला होता आणि प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. 64 आणि 65 ही दोन्ही कलमे सक्षम पक्षांमधल्या व्यवहारासाठी आहेत. ज्याला करारच करता येत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाहीत.

तिसरा पर्याय सर्वांत फसवा, आणि खरे सांगायचे तर त्याला प्रश्न काढणाऱ्यांचा आळसही जबाबदार आहे. सावकाराला 1903 मध्ये पैसे मिळाले नाहीत हे खरे. पण का? खत रद्द करताना ‘न्यायाला धरून’ भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार तेव्हाच्या विशिष्ट अनुतोष कायद्यानेही कोर्टाला दिला होता. तो वापरला नाही, कारण सावकाराच्या वकिलाला मुलगा अज्ञान असल्याचे आधीच कळवलेले होते. डोळे उघडे ठेवून पैसे दिले, मग दया कशाला? म्हणजे ‘कधीच परत नाही’ असा नियम त्या निकालात नव्हता.

पुढे कोर्टांचे यावर दुमत झाले. 1928 मध्ये लाहोर हायकोर्टाच्या पूर्णपीठाने खान गुल खटल्यात, वयाविषयी खोटे बोलून जमिनीपोटी 17,500 रुपये घेतलेल्या अज्ञानाला ते परत करायला लावले. अलाहाबादच्या पूर्णपीठाने 1937 मध्ये ही वाट नाकारली. शेवटी 1963 च्या नव्या विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम 33 आले. अज्ञान व्यक्ती स्वतः खत रद्द करायला कोर्टात गेली, तर कोर्ट तिला मिळालेला लाभ परत करायला आणि भरपाई द्यायला लावू शकते. आणि समोरच्याने दावा लावला, अज्ञानाने ‘मी सक्षमच नव्हतो’ म्हणून तो परतवून लावला, तरी त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जितका फायदा झाला असेल तितका परत करण्याचा आदेश होऊ शकतो.

समजा एका मुलाने बनावट आधारकार्ड दाखवून चाळीस हजारांचा मोबाइल हप्त्यांवर घेतला आणि हप्ते थकवले. दुकानदार हप्त्यांसाठी दावा लावेल तर हरेल. खोटे वय सांगितले म्हणून मुलाचे तोंड बंद होत नाही, नाहीतर प्रत्येक सावकाराने आधी खोटे लिहून घेतले असते. पण मोबाइल मुलाच्या खिशातच असेल, तर कोर्ट तो परत द्यायला सांगू शकते. तो विकून पैसे गोव्याच्या सहलीत उडवले असतील, तर ‘फायदा’ कितपत उरला यावर वाद रंगेल. दोन्ही वेळी करार मात्र शून्यच राहतो. परतफेड करारातून जन्मत नाही, कोर्टाच्या विवेकातून येते. म्हणून कायद्याच्या भाषेत तिथे ‘करावीच’ असे नाही, ‘करायला लावू शकते’ असे आहे. चौथा पर्याय ओळखण्याची खूण तीच.

‘शून्यकरणीय’ हा शब्द मात्र अज्ञानाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही असे समजणेही चूकच. वडिलांनी पोराच्या नावावरचे दोन एकर कोर्टाची परवानगी न घेता विकले, सातबाऱ्यावर खरेदीदाराचे नाव लागले. इथे सही अज्ञानाची नाही, नैसर्गिक पालकाची आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 8 अशा विक्रीला शून्यकरणीयच ठरवते, आणि ती मोडण्याचा हक्क मुलाचा असतो. त्यासाठी दावा लावण्याची मुदत तो सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे. म्हणजे विसाव्या वर्षी कोर्टाची पायरी चढलेला मुलगा वेळेत आहे. बावीसाव्या वर्षी चढलेल्याला खरेदीदाराचा वकील आधी मुदतीचाच प्रश्न विचारेल.