कंपनी बुडाली, जमीन विकली. पैसे आधी कुणाला मिळणार?

वेल्हे : लवासाचं नाव वेल्हे-मुळशीच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. लवासा कॉर्पोरेशन ही कंपनी ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धनकोंचे मान्य झालेले दावे सुमारे 6,642 कोटींचे होते. जुलै 2023 मध्ये न्यायाधिकरणाने जी खरेदी योजना मंजूर केली ती होती सुमारे 1,814 कोटींची, तीही आठ वर्षांत द्यायची. पुढे ठरलेले पैसे आले नाहीत, म्हणून 2024 मध्ये ती मंजुरीही रद्द झाली.

लवासाची प्रक्रिया खरेदीदार शोधण्याची आहे. खरेदीदार मिळालाच नाही, तर कायद्याने कंपनी गुंडाळावी लागते. मग न्यायाधिकरण लिक्विडेटर नेमतं, तो मालमत्ता विकतो आणि पैसे वाटतो. हे वाटप ना ओळखीने होतं, ना आधी अर्ज केला म्हणून. त्याची रांग 2016 च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मध्ये ठरवून दिली आहे. पुढच्याचं पूर्ण भागल्याशिवाय मागच्याला एक रुपयाही मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीची जमीन आणि यंत्रं विकून 10 कोटी आले. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च कापला जातो. लिक्विडेटरची फी, वकील, राखणदार, जाहिराती असा 1 कोटी गेला. उरले 9.

दुसऱ्या पायरीवर दोघं शेजारी उभे असतात. एक, कामगार, पण फक्त लिक्विडेशनच्या आधीच्या 24 महिन्यांच्या थकबाकीपुरते. दुसरी, मालमत्ता तारण घेऊन कर्ज दिलेली आणि ते तारण सामायिक विक्रीत सोडलेली बँक. कामगारांचे 2 कोटी, बँकेचे 10 कोटी, म्हणजे मागणी 12 कोटींची आणि हातात 9. इथे दोघांनाही सारखाच भाव लागतो, रुपयाला 75 पैसे. कामगारांना दीड कोटी, बँकेला साडेसात कोटी. पैसे संपले. मागे उभे असलेले सगळे रिकाम्या हाताने घरी.

हीच मालमत्ता 16 कोटींना गेली असती तर? खर्च, कामगार आणि बँक यांचं पूर्ण भागून 3 कोटी उरले असते. त्यातून ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, समजा 50 लाख. मग विनातारण कर्ज देणाऱ्यांचे 1 कोटी. त्यानंतर सरकारचा दोन वर्षांचा कर, 1 कोटी. शिल्लक 50 लाख. आता कुठे खडी, सिमेंट, टँकर पुरवणाऱ्यांची पाळी येते. त्यांची बिलं 2 कोटींची असतील तर रुपयाला 25 पैसे. कामगारांची 24 महिन्यांपेक्षा जुनी थकबाकीही याच पायरीवर ढकलली जाते. बिलं थकली तरी माल देत राहणाऱ्या पुरवठादाराने हे ओळखावं, की तो बँकेच्या कितीतरी मागे उभा आहे.

बँकेला आणखी एक वाट आहे. तिने सामायिक विक्रीत न येता तारण स्वतः विकलं आणि तरी कर्ज फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी ती मागे, सरकारच्या कराच्या पायरीवर जाते.

शेवटी भागधारक. त्यातही आधी प्रेफरन्स शेअरवाले, मग साधे शेअरवाले. बहुतेक वेळा इथपर्यंत काही पोचतच नाही. बुडत्या कंपनीचा शेअर दोन रुपयांना मिळतोय म्हणून घेणाऱ्याने पुढे किती जण उभे आहेत, ते आधी मोजावं.

पीएफचं मात्र वेगळं आहे. कामगाराच्या पीएफ फंडातले पैसे कंपनीची मालमत्ता धरले जात नाहीत, म्हणून ते या रांगेतच नसतात. पगारातून पीएफ कापला पण पासबुकात जमा दिसत नाही, असं असेल तर ते वेगळं लिहून दाव्यात मांडायला हवं.

रांगेत जागा असली तरी ती आपोआप मिळेल असं धरून बसू नये. लिक्विडेटर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो, ती ibbi.gov.in या साइटवरही दिसते. दाव्यासाठी लिक्विडेशन सुरू झाल्यापासून साधारण 30 दिवस मिळतात. कामगाराला नेमणूकपत्र, पगारपावती, पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट लागतं. पुरवठादाराला बिल आणि माल पोचल्याची सही असलेलं चलन. तोंडी ठरलेल्या हिशोबावर दावा उभा करणं फार अवघड जातं. ठेकेदारामार्फत काम केलेल्यांनी आपला पगार नेमका कुणाच्या नावावरून यायचा हे आधी पाहावं, कारण कंपनीच्या कामगार यादीत नाव नसेल तर दुसऱ्या पायरीवरच्या जागेबद्दल वाद होऊ शकतो. लिक्विडेटरने दावा नाकारला, तर तो निर्णय कळल्यापासून 14 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.