व्हॉल्यूमचे बटण मध्यावर, आणि आवाज बोदा

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये एक चमत्कारिक गोष्ट कानाला जाणवते. व्हॉल्यूमचे बटण पूर्ण उघडले की गिटारच्या तारेची किणकिण स्वच्छ येते. तेच बटण कमी करत मधल्या टप्प्यात आणले की आवाज नुसता लहान होत नाही, बोदाही होतो. बटणात फक्त एक रोध असतो आणि रोधाला खालचा सूर कोणता, वरचा कोणता हे कळत नाही. मग वरचे सूर जातात कुठे?

उत्तर पुढच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. 12AX7 हा या कामातला ठरलेला ट्रायोड. त्याच्या ग्रिडवर सिग्नल द्यायचा आणि प्लेटवरून मोठा झालेला घ्यायचा. ग्रिड आणि प्लेट हे धातूचे दोन भाग जवळ जवळ असल्यामुळे त्यांच्यात आपोआप एक कपॅसिटर तयार होतो, फक्त 1.7 पिकोफॅरडचा. इतका लहान की तो हिशेबातच घेऊ नये, असे वाटावे.

पण त्याच्या दोन्ही टोकांना काय चालले आहे ते पाहावे लागते. या व्हॉल्व्हचा गेन साधारण 60 असतो आणि प्लेट ग्रिडच्या उलट दिशेने हलते. ग्रिड 1 मिलिव्होल्ट वर गेला की प्लेट 60 मिलिव्होल्ट खाली येते. म्हणजे कपॅसिटरवरचा व्होल्टेज 1 नव्हे, 61 मिलिव्होल्टने बदलला. तेवढा विद्युतभार पुरवायचे काम ग्रिडला सिग्नल देणाऱ्याच्या गळ्यात पडते. त्याच्या बाजूने पाहिले तर 1.7 पिकोफॅरडचा कपॅसिटर 61 पट, सुमारे 104 पिकोफॅरडचा झालेला असतो. ग्रिड आणि कॅथोड यांच्यामधले 1.6 पिकोफॅरड धरून एकूण 105. तिथे प्लेट नसल्यामुळे हा दुसरा आकडा वाढत नाही.

यालाच मिलर परिणाम म्हणतात. जॉन मिल्टन मिलर या अमेरिकी अभियंत्याने 1920 च्या सुमारास ट्रायोडचा अभ्यास करताना दाखवून दिले की व्हॉल्व्हचा इनपुट कसा वागतो, हे प्लेटला जोडलेल्या लोडवरही अवलंबून असते.

आता बटणाकडे येऊ. समजा ते 1 मेगाओहमचे आहे. सरकता संपर्क रोधाच्या बरोबर मध्यावर असताना वर 500 आणि खाली 500 किलोओहम राहतात, आणि ग्रिडला सिग्नल जणू 250 किलोओहममधून मिळतो. त्यातून 105 पिकोफॅरड भरायचे म्हटले की सुमारे 6 किलोहर्ट्झलाच सिग्नल 70 टक्क्यांवर घसरतो आणि पुढे घसरतच जातो. बटण पूर्ण उघडल्यावर मात्र मधला रोध निघून जातो आणि आधीच्या व्हॉल्व्हचे 38 किलोओहमच उरतात. मग हीच मर्यादा 40 किलोहर्ट्झवर, कानाच्या पल्ल्याबाहेर जाते. व्हॉल्व्ह तोच आणि त्याचा गेनही तोच आहे. म्हणून ‘या व्हॉल्व्हची बँडविड्थ किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला सिग्नल कोण आणि किती रोधातून देतो, हेही सांगावे लागते.

फेंडरच्या ट्विन रिव्हर्बवर ‘ब्राइट’ नावाचा स्विच आहे. तो व्हॉल्यूमच्या वरच्या अर्ध्या भागाला 120 पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडतो. आकडा ओळखीचा वाटेल. वरचा आणि खालचा रोध सारखे असताना ग्रिडच्या 105 पिकोफॅरडसमोर जवळपास तेवढाच कपॅसिटर वर ठेवला की वरचे सूर आणि खालचे सूर सारख्याच प्रमाणात विभागले जातात. हा तोल एकाच जागी जमतो. बटण आणखी खाली नेले की हाच कपॅसिटर वरच्या सुरांना जास्तीची वाट देतो आणि आवाज कर्कश होतो.

रेडिओत ही अडचण कितीतरी मोठी. 1 मेगाहर्ट्झला 105 पिकोफॅरडचा अडथळा जेमतेम दीड हजार ओहमचा. तिथे सिग्नल टिकणार कसा? गेन निम्मा केला तर इनपुटचा आकडा 54 पर्यंत उतरतो आणि बँडविड्थ जवळजवळ दुप्पट होते, पण ज्यासाठी व्हॉल्व्ह बसवला तेच अर्धे गमावले जाते. खरा उपाय ग्रिड आणि प्लेट यांच्यात आणखी एक ग्रिड घालून आडपडदा करण्याचा होता. 6AU6 या पेंटोडमध्ये ग्रिड आणि प्लेटमधले कपॅसिटन्स 0.0035 पिकोफॅरडपर्यंत खाली आणले आहे. ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये हेच काम कॅस्कोड करतो. वरचा ट्रान्झिस्टर खालच्याचा कलेक्टर जवळपास स्थिर धरून ठेवतो, त्यामुळे खालच्याचा स्वतःचा गेन 1 च्या आसपास राहतो आणि गुणाकाराला आकडाच मिळत नाही.

दोष मिलरचाच आहे का, हे टेबलावर तपासता येते. सिग्नल जनरेटर आधी 250 किलोओहममधून आणि मग थेट ग्रिडला जोडून प्लेटवर आउटपुट पाहावे. थेट जोडल्यावर वरचे सूर परत आले, तर कारण ग्रिडच्या कपॅसिटन्समध्ये आहे. ऑसिलोस्कोपचा प्रोब मात्र ग्रिडला लावू नये, कारण त्याचे स्वतःचे दहा-पंधरा पिकोफॅरड मोजमापात मिसळतात. वायरिंग करताना तर अधिकच सांभाळावे लागते. प्लेटची वायर ग्रिडच्या वायरला खेटून गेली आणि अर्धा पिकोफॅरड वाढला, तर ग्रिडवर तो 30 पिकोफॅरडचा भार होऊन बसतो.