“बुरशी नाही, बॉक्ससकट” : जुन्या कॅमेऱ्याची जाहिरात वाचताना आणि लिहिताना

मागच्या रांगेतल्या मंडळींना आवाज येतोय ना? ठीक.

आज आम्ही एकच जाहिरात घेऊन आलोय, आणि तासभर तीच वाचणार आहोत. विकणारा मुंबईतला, हौशी छायाचित्रकार. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. जाहिरात अशी होती : “निकॉन डी७२००, सोबत ३५ एमएम एफ/१.८ जी लेन्स. उत्तम स्थिती. शटर काउंट कमी. बुरशी नाही, किरकोळ धूळ. बॉक्ससकट. किंमत ३८,०००.” घेणारी मुलगी फोटोग्राफी शिकणारी, वर्षभर साठवलेले पैसे घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “घेऊ का?”

आम्ही म्हटलं, या जाहिरातीत खोटं काही दिसत नाही, पण तपासता येईल असंही काही नाही. “कमी” म्हणजे किती? “बुरशी नाही” हे कसं पाहिलं? बॉक्समध्ये काय आहे? विकणारा लबाड असतो असं आमचं म्हणणं नाही. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच माहीत नसतं, आणि या माणसाचंही तेच होतं.

आधी शटर. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला शटरचे पडदे उघडतात-मिटतात, आरसा वर जातो, खाली येतो. ही यंत्रं झिजतात. डी७२०० हा २०१५ सालचा कॅमेरा. त्याचं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे, असं निकॉनने सांगितलेलं आहे. याचा अर्थ दीड लाखाव्या फोटोला ते बंद पडेल असा नाही, आणि तोवर नक्की चालेल असाही नाही. काही त्याच्या पुढे जातात, काही आधीच थकतात. गाडीचे किलोमीटर जसे बघतो, तसाच हा आकडा बघायचा.

विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “साडेतीन हजारच्या आसपास असेल, फाइलचं नाव बघा ना, डीएससी_३४१२.” इथे पुष्कळ जण फसतात. फाइलच्या नावातला आकडा चारच अंकी असतो. ९९९९ झाले की तो पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. म्हणजे ३४१२ या नावाचा फोटो तेरा हजारावा असू शकतो, त्र्याण्णव हजारावाही असू शकतो.

खरा आकडा फोटोच्या आत असतो. निकॉनचे डीएसएलआर प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत शटर काउंट लिहून ठेवतात. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात एवढंच लिहायचं :

```
exiftool -ShutterCount -SerialNumber DSC_3412.JPG
```

अट एकच. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच हवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. म्हणून फाइल ई-मेलने मागवा, किंवा “डॉक्युमेंट” म्हणून. आणि फोटो आजचा मागा. दोन वर्षांपूर्वीचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आकडा सांगणार. सोबत सीरियल नंबर मागितला तो यासाठी, की आकडा याच कॅमेऱ्याचा आहे हे कळावं. तोच नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असतो, बॉक्सवर असतो आणि बिलावरही असायला हवा. (कॅननवाल्यांनी मान हलवू नये. कॅननचे बहुतेक कॅमेरे हा आकडा फोटोत लिहीत नाहीत, तिथे वाट वेगळी आहे, आज तिकडे जात नाही.)

आकडा आला ८७,४१६. मुलीचा चेहरा पडला. पण थांबा, हिशेब करूया. दीड लाखातले साधारण साडेबासष्ट हजार उरले. ही मुलगी वर्षाला फार तर दहा हजार फोटो काढेल. म्हणजे सहा वर्षांचा पल्ला हातात आहे. हाच कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्याने घेतला, आणि एका लग्नात दोन हजार फोटो धरले, तर तीस-एकतीस लग्नांत तो पल्ला संपतो. आकडा तोच, पण एकाला चालतो, दुसऱ्याला नाही. “कमी” या शब्दाचा म्हणूनच काही उपयोग नाही. आकडा लिहा, कमी की जास्त ते घेणारा ठरवील.

एक गोष्ट या आकड्यात येत नाही. व्हिडिओ काढताना शटर उघडंच राहतं. तासन्‌तास व्हिडिओ काढलेला कॅमेरा शटर काउंटमध्ये तरुण दिसतो. म्हणून “व्हिडिओ किती काढलात?” हेही विचारावं.

आता लेन्स. खरा घोळ इथे होता.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोकणात, पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. लेन्स बॅगेत घालून कपाटात ठेवली, वारा नाही, उजेड नाही, की बुरशीला आणखी काय हवं? बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना ओल मिळाली की ते काचेवर वाढतात. वाढताना त्यांच्यातून आम्ल सुटतं आणि ते काचेवरच्या लेपाला खातं. म्हणून बुरशी पुसली तरी पुष्कळदा तिचा ठसा तसाच राहतो.

विकणाऱ्याने लेन्सचा फोटो पाठवला होता. समोरून, छान उजेडात. काच स्वच्छ. “बघा, बुरशी नाही.” तो फोटो आम्ही मोठा करून पाहिला तर मध्यभागी एक छोटंसं भोक आणि भोवती काळी पाती. निकॉनच्या या जी प्रकारच्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग नसते. कॅमेऱ्यातून काढली की तिची पाती मिटून अगदी लहान भोक उरतं. म्हणजे पात्यांच्या मागची काच त्या फोटोत जवळजवळ सगळी झाकलेली! आणि बुरशी बरेचदा काचेच्या कडेपासून आत येते.

यावर उपाय साधा आहे. लेन्सच्या मागच्या बाजूला, माउंटच्या आत, एक छोटीशी धातूची दांडी असते. ती बोटाने हलकेच सरकवून धरली की पाती पूर्ण उघडतात. मग खोलीत अंधार करायचा, मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून थोडा तिरका धरायचा आणि समोरून बघायचं. टॉर्च डोळ्यांच्या अगदी सरळ रेषेत नको. तिरपा उजेड काचेवरच्या प्रत्येक कणावर आपटून चमकतो. लेन्स हळूहळू फिरवत राहायचं, कारण एका कोनात दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं. नंतर उलट करून मागूनही बघायचं. दांडी सोडल्यावर पाती चटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली तर त्यांवर तेल आलंय.

दिसलं ते काय, हे ओळखायचं कसं? धूळ म्हणजे सुटे ठिपके, एकमेकांशी संबंध नसलेले. बुरशीला फांद्या फुटतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, एका बिंदूतून पसरलेले. तिसरा प्रकार म्हणजे धुरकटपणा. त्यात धागेही नाहीत, ठिपकेही नाहीत. आरशावर श्वास सोडल्यावर दिसतं तसं सगळीकडे दुधट दिसतं.

लेन्समध्ये धूळ असली तर घाबरू नका. दहा-वीस ठिपक्यांनी फोटोत काही फरक पडत नाही, जुन्या लेन्समध्ये ते असणारच. बुरशी कडेला थोडी असेल तर साध्या उजेडातल्या फोटोत तीही कळणार नाही. पण सूर्य किंवा दिवा समोर आला की फोटो फिकट पडतो, काळा रंग करडा होतो. मागच्या काचेवरची बुरशी पुढच्या काचेवरच्या बुरशीपेक्षा जास्त त्रास देते.

विकणाऱ्याला आम्ही दांडीची युक्ती फोनवर सांगितली. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. “अहो, आत काहीतरी आहे. झाडाच्या मुळांसारखं. मी सहा वर्षं ही लेन्स वापरतोय, कधी दिसलंच नाही.” बुरशी होती, घड्याळात चार वाजतात त्या बाजूला, कडेपासून आत आलेली. माणूस प्रामाणिक होता. त्याला कुठून बघायचं तेच कोणी सांगितलं नव्हतं.

राहिला कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा कचरा. ॲपर्चर एफ/२२ वर, आयएसओ १००, फोकस हाताने अनंतावर, आणि समोर पांढरी भिंत किंवा मोबाईलची कोरी पांढरी स्क्रीन. फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम हलवा. भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरचे कण मात्र जागच्या जागी राहतील. एफ/२२ कशासाठी? कण बसलेला असतो सेन्सरच्या किंचित पुढच्या काचेवर. मोठ्या ॲपर्चरला प्रकाश चारी बाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. बारीक भोकातून प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येतो, सावली ठसठशीत पडते. दोन फोटो काढा. दोन्हींत ठिपका त्याच जागी असेल तर तो सेन्सरवरचा. इथे पाच ठिपके सापडले. मेन्यूतून सेन्सर साफ केल्यावर दोन उरले. ही काही भाव पाडण्यासारखी गोष्ट नव्हे.

बॉक्सबद्दल थोडक्यात. “बॉक्ससकट” म्हणजे कित्येकदा नुसतं पुठ्ठ्याचं खोकं. मूळची ईएन-ईएल१५ बॅटरी, एमएच-२५ए चार्जर, बॉडी कॅप, पट्टा; लेन्सची पुढची-मागची टोपणं आणि एचबी-४६ हूड, असं एकेक नाव घेऊन विचारा. इथे हूड हरवला होता आणि दोन बॅटऱ्यांपैकी एक दुसऱ्याच कंपनीची होती. मूळ बॅटरीचं वय मेन्यूतल्या ‘Battery info’ मध्ये ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायला आलेली. तिची होती १. वॉरंटी कधीच संपलेली, पण बिल हवंच. कॅमेरा चोरीचा नाही एवढं तरी त्यावरून कळतं.

शेवटी विकणाऱ्याने जाहिरात पुन्हा लिहिली. आम्हाला दाखवली, आम्ही एक शब्दही बदलला नाही :

“निकॉन डी७२००, बॉडी. शटर काउंट ८७,४१६, आजची मूळ फाइल मागितल्यास पाठवतो. व्हिडिओ फारसा काढलेला नाही. सेन्सरवर दोन कण, एफ/२२ चा फोटो सोबत. मूळ बॅटरी एक (वय १), दुसऱ्या कंपनीची एक, चार्जर, पट्टा, बॉडी कॅप, बॉक्स, बिल. बॉक्सवरचा नंबर जुळतो. किंमत २८,५००. ३५ एमएम लेन्स वेगळी, आत कडेला बुरशी आहे, टॉर्च लावून काढलेला फोटो सोबत. हूड नाही. २,५००.”

मुलीने बॉडी घेतली, लेन्स नाही. लेन्स तिसऱ्याच एकाने नेली, उघडून शिकायला. प्रश्न असतील तर विचारा, माइक त्या बाजूने फिरतोय.