एका खुर्चीच्या तीन नोंदी

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीमागे बसणाऱ्या माणसापुढे वर्षानुवर्षं एक छापील कागद असे. त्याला सगळे ‘प्लॅन’ म्हणत. सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या त्यावर चौकोनांनी दाखवलेल्या असत आणि तिकीट विकलं गेलं, की त्या चौकोनावर फुली पडे. दर प्रयोगाला नवा कोरा कागद घेतला जाई. पुढच्या प्रयोगासाठी जुन्या फुल्या खोडत कोणी बसत नसे. छापलेला भाग सभागृहाचा आणि हाताने लिहिलेला भाग त्या प्रयोगाचा, ही विभागणी कागदावर आपोआप होत होती. संगणकावर आसनव्यवस्था मांडताना नेमकी हीच विभागणी पुसली जाते. एकाच तक्त्यात खुर्ची, तिचा दर आणि ती बंद आहे की विकलेली, हे सगळं कोंबलं जातं, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

एक छोटं सभागृह कल्पू या. मध्ये एक वाट आहे, A पासून J पर्यंत नऊ रांगा आहेत. त्यात I ही रांग नाही, कारण तिकिटावर ती 1 सारखी दिसते आणि प्रेक्षक गोंधळतात. A आणि B मध्ये दहा-दहा खुर्च्या, C ते H मध्ये चौदा-चौदा आणि J मध्ये बारा. एकूण 116. वाट बरोबर मध्यातून जाते, म्हणजे प्रत्येक रांगेचा निम्मा भाग डावीकडे आणि निम्मा उजवीकडे.

पहिला तक्ता फक्त सभागृहाचा. त्यात दर नाही, विक्री नाही.

```
seat_id,row,number,x,y
S005,A,5,7,1
S006,A,6,9,1
S055,E,7,7,5
S056,E,8,9,5
```

`seat_id` ही खुर्चीची कायमची ओळख. `row` आणि `number` म्हणजे तिकिटावर छापायचं नाव. `x` आणि `y` म्हणजे सभागृहात ती खरोखर कुठे आहे. सगळ्यात रुंद रांगेत चौदा खुर्च्या आणि एक वाट मिळून पंधरा उभे स्तंभ होतात, आठवा स्तंभ वाटेचा. A5 आणि A6 यांचे क्रमांक लागोपाठचे असले तरी `x` 7 वरून 9 वर उडी मारतो, कारण मध्ये वाट आहे. चौघांच्या कुटुंबाने शेजारच्या चार जागा मागितल्या आणि प्रणालीने नुसते क्रमांक बघून E6 ते E9 दिल्या, तर दोघं वाटेच्या अलीकडे आणि दोघं पलीकडे बसतील. शेजार ठरवायचा तो `x` वरून. ब्रॉडवेवरच्या अनेक नाट्यगृहांत एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम आणि मधल्या भागात 101 पासून पुढचे क्रमांक असतात. तिथे 1 च्या शेजारी 3 बसतो. क्रमांक हे फक्त नाव आहे, हे तिथे लगेच ध्यानात येतं. आपल्याकडे क्रमांक सरळ ओळीत असल्यामुळे ते विसरायला होतं.

दुसरा तक्ता प्रयोगाचा. शनिवारच्या प्रयोगात ध्वनी-प्रकाशाचं टेबल सभागृहातच ठेवायचं आहे, त्यासाठी H8 ते H11 या चार जागा जातील. F3 ची बैठक मोडली आहे. C5 ते C10 या सहा जागा निर्मात्याने पाहुण्यांच्या पाससाठी राखल्या आहेत. तिन्ही प्रकारच्या जागा खिडकीवर विकता येत नाहीत, म्हणून सगळ्यांवर ‘बंद’ एवढाच शिक्का मारायचा मोह होतो. पण त्यांचं आयुष्य वेगवेगळं आहे. टेबलाच्या जागा या एका प्रयोगापुरत्या बंद आहेत. F3 दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक प्रयोगाला बंद राहील. पासच्या जागांसाठी कोणी आलं नाही, तर प्रयोगाआधी तासाभराने त्या विक्रीला खुल्या करायच्या आहेत. म्हणून बंद जागेच्या नोंदीत कारण आणि मुदत हवीच. ती नसली, तर ऐन गर्दीत खिडकीवरच्या माणसाला कुठली जागा सोडता येईल हे कळत नाही. उलट चूकही होते: नवा प्रयोग लावताना मागच्याची नक्कल केली जाते, टेबल नसतानाही H8 ते H11 बंदच राहतात आणि ‘हाउसफुल्ल’च्या फलकामागे चार चांगल्या खुर्च्या रिकाम्या जातात. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. सलग काही प्रयोगांत त्याच खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की त्या नोंदीचं कारण विचारावं.

टेबलामागे बसणाऱ्यांचं काय? त्यांना रंगमंचाच्या मध्ये तंत्रज्ञांची डोकी आणि पडद्याचा उजेड दिसणार. नाव बघून कोणी J8 ते J11 सांगेल. पण J मध्ये बाराच खुर्च्या आहेत, ती रांग दोन्ही टोकांना एकेका खुर्चीने आखूड आहे. H8 ते H11 चे `x` 9 ते 12 आहेत, आणि J मध्ये त्याच स्तंभांवर J7 ते J10 बसतात. जागा `x`, `y` सह मांडल्या असतील तरच हे उत्तर नकाशा न बघता मिळतं. या चार जागा बंद करण्यापेक्षा कमी दरात, ‘दृश्य अंशतः अडलेलं’ असं तिकिटावर स्पष्ट छापून विकाव्यात, असं मला वाटतं. पैसे देणाऱ्याला ते आधी कळणं हा त्याचा हक्क आहे.

इथून दराचा तिसरा तक्ता सुरू होतो. खुर्चीच्या नोंदीत 400 किंवा 300 लिहू नये. प्रयोगागणिक गट ठरवावेत आणि गटाला दर द्यावा: A ते C पहिला गट, 400 रुपये, D ते G दुसरा, 300, H आणि J तिसरा, 200. आधी रांगेनुसार गट लावायचा, मग अपवाद नोंदवायचे: J7 ते J10 चौथ्या गटात, 100 रुपये. उद्या दुसऱ्या संस्थेने एकच सरसकट दर ठेवला, तर खुर्च्यांच्या तक्त्याला हात लावावा लागत नाही. विद्यार्थ्यांची सवलत हा मात्र खुर्चीचा गट नव्हे. ती माणसाला मिळते, म्हणून ती तिकिटाच्या नोंदीत जाते. तिकिटावर प्रत्यक्ष घेतलेली रक्कमही तिथेच लिहून ठेवावी, नाहीतर मधल्या काळात दर बदलला आणि प्रयोग रद्द झाला, तर परतावा चुकीचा जाईल.

शनिवारचा हिशेब असा लागतो: 116 पैकी टेबलाच्या चार आणि मोडकी एक वजा जाता 111, त्यातल्या सहा पासच्या, म्हणून सुरुवातीला विक्रीला 105. विकलेल्या, राखलेल्या, बंद आणि मोकळ्या जागांची बेरीज कुठल्याही क्षणी 116 आलीच पाहिजे. 115 किंवा 117 आली, तर विक्री थांबवून आधी ती जागा शोधावी.

117 येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एकच खुर्ची दोनदा विकली जाणं. दोघं एकाच वेळी मोबाइलवर E7 निवडतात, दोघांनाही ती मोकळी दिसते. पैसे भरेपर्यंत जागा दहा मिनिटं धरून ठेवणं ठीक, पण शेवटचा पहारा डेटाबेसनेच द्यायला हवा. विक्रीच्या तक्त्यात ही अट असली, की दुसरी नोंद घुसूच शकत नाही:

```
UNIQUE (show_id, seat_id)
```

तिकीट रद्द झालं, तर ती ओळ इथून काढून रद्द तिकिटांच्या तक्त्यात हलवावी, म्हणजे खुर्ची पुन्हा विकता येते आणि इतिहासही राहतो.

सगळं मांडून झाल्यावर नकाशा छापून घ्यावा आणि दारावर तिकिटं तपासणाऱ्या माणसाला सोबत घेऊन सभागृहात रांगेरांगेने फिरावं. कुठल्या खुर्चीवरचा आकडा पुसला गेला आहे, कुठे खांब आडवा येतो, चाकाच्या खुर्चीसाठी कुठल्या दोन खुर्च्या उचलता येतात आणि सोबतच्या माणसाला कुठे बसवतात, हे त्याला पाठ असतं. पुढे कधी रांग बदलली, खुर्ची कायमची काढली, तर तिचा `seat_id` निवृत्त करावा, पण नव्या खुर्चीला देऊ नये. मागच्या वर्षी S055 वर बसलेल्याचं तिकीट आजही त्याच जुन्या खुर्चीकडे बोट दाखवत असतं.